चौकटीबाहेरच्या कामासाठी सहकाऱ्याची मदत कशी मागावी : नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नव्या नोकरीत रुजू झाल्यावर लवकरच असे एखादे काम समोर येते, की ते आपल्याला येत नाही, आपल्या विभागात कोणालाच येत नाही, आणि ज्याला येते तो माणूस भलत्याच विभागात भलत्याच कामावर नेमलेला असतो. त्याला हे काम सांगण्याचा आपल्याला अधिकार नसतो आणि ते करण्याचे त्याच्यावर बंधन नसते. अशा वेळी मागणी अशी करायला हवी, की समोरच्याला होकार देणे सोपे जावे आणि नकार देणेही तितकेच सोपे जावे. यातल्या पहिल्या भागाचा विचार बहुतेक जण करतात. दुसरा भाग नम्र शब्दांवर सोडून दिला जातो, आणि तिथेच गडबड होते. "जमलं तर बघा" असे म्हटल्याने नकार सोपा होत नाही. समोरच्याने नाही म्हटल्यावर आपले काम खरोखर कसे होणार आहे, हे विचारण्याआधीच ठरलेले असेल, तरच तो सोपा होतो.

हे समजून घेण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका सुट्या भागांच्या कारखान्यात देखभाल विभागात एक तरुण अभियंता नुकताच रुजू झाला आहे. कारखान्याने जपानमध्ये वापरलेले एक सेकंड हँड ग्राइंडिंग मशीन घेतले आहे, आणि त्याच्यासोबत आधीच्या मालकाच्या कामगारांनी हाताने लिहिलेली जपानी देखभाल नोंदवही आली आहे. या मशीनची प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची चेकशीट तयार करण्याचे काम अभियंत्याकडे आहे. त्यासाठी कोणता भाग शेवटचा कधी बदलला, हे कळायला हवे. लेखा विभागात काम करणाऱ्या एका मॅडमनी जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन ३ पातळी उत्तीर्ण केली आहे. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत आणि ही परीक्षा पुण्यातही होते, त्यामुळे असा योग इथल्या कारखान्यांत दुर्मीळ नाही. परंतु मॅडमचे काम बिले, कर आणि ताळेबंद यांचे आहे. नोंदवही वाचणे त्यांच्या कामाच्या वर्णनात कुठेही बसत नाही.

आधी पाहावे, की ही मदत आहे की काम

पहिली पायरी विचारण्याची नाही, वर्गवारीची आहे. काम एकदाच करायचे असेल, तासा-दोन तासांत आटोपणारे असेल आणि त्यातली चूक आपण नंतर तपासून दुरुस्त करू शकत असू, तर ती वैयक्तिक मदत म्हणून मागता येते. काम दर महिन्याला येणार असेल, दिवसभर चालणार असेल किंवा त्यातल्या चुकीमुळे कोणाला इजा होण्याची किंवा ग्राहकाकडे चुकीचा कागद जाण्याची शक्यता असेल, तर ते सहकाऱ्याच्या चांगुलपणावर टाकू नये. ते दोन्ही विभागप्रमुखांनी बोलून ठरवायचे काम आहे, किंवा पैसे देऊन बाहेरून करून घ्यायचे आहे.

आपल्या उदाहरणात या रेषेच्या दोन्ही बाजूंना गोष्टी पडतात. "अमुक महिन्यात स्पिंडलचे बेअरिंग बदलले" ही माहिती चुकली तर चेकशीटवरची पुढची तारीख चुकेल, पण मशीनची कंपने आणि आवाज तपासल्यावर ती चूक लक्षात येण्याजोगी आहे. याउलट वंगणाची प्रत, बोल्ट किती आवळायचा याचा आकडा किंवा सुरक्षेच्या सूचना मॅडमकडून समजून घेऊन त्यावर विसंबणे योग्य नाही. त्या गोष्टी उत्पादकाच्या अधिकृत पुस्तिकेतूनच घ्याव्या लागतात. जेएलपीटीत लेखनाची किंवा बोलण्याची परीक्षा नसते, उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात आणि प्रश्नपत्रिका छापील असते. एन ३ ही पाच पातळ्यांपैकी मधली. त्यामुळे कोणाचे घाईत लिहिलेले अक्षर वाचता येणे आणि यंत्रांच्या भागांची नावे ठाऊक असणे या दोन्ही गोष्टी त्या प्रमाणपत्रात गृहीत नाहीत. बेअरिंगसाठी जपानीत "जिकुउके" असा शब्द वापरतात, आणि सर्वसाधारण अभ्यासात तो सहसा भेटत नाही. समोरच्याचे कौशल्य नेमके कुठवर जाते, याचा असा अंदाज आपण आधी घेतला नाही, तर त्याला "मला हे येत नाही" असे कबूल करण्याच्या अवघड जागी आपणच नेऊन बसवतो.

नकाराची वाट आधी तयार करावी

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाते. विचारण्यापूर्वी, मॅडमनी नाही म्हटले तर काय करायचे, हे प्रत्यक्ष चौकशी करून ठरवावे. पुण्यात जपानी भाषांतराचे काम घेणारे लोक आणि संस्था आहेत. त्यांच्याकडून पानामागे किती पैसे आणि किती दिवस लागतील, हे विचारून घ्यावे. मशीन विकणाऱ्या व्यापाऱ्याला, नोंदवहीचा सारांश मिळेल का, असा मेल टाकावा. स्वतःच्या वरिष्ठांना विचारावे, की बाहेरून करून घ्यायचे झाले तर खर्चाला मान्यता आहे का. तिसरा मार्ग असा, की जुनी माहिती मिळालीच नाही तर मशीन पूर्ण तपासून सर्व भागांची मुदत आजपासून मोजायची. त्यात काही चांगले भाग लवकर बदलावे लागतील, पण काम अडणार नाही.

या चौकशीला अर्धा दिवस जातो. त्या बदल्यात आपल्याला मागणीत एक खरे वाक्य लिहिता येते : तुम्ही नाही म्हणालात तर मी बाहेरून करून घेईन, त्याची सोय झालेली आहे. हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. तशी सोय केलेली नसताना "तसं काही अडणार नाही" असे म्हटले, की नकारानंतर आपला चेहरा पडतो, समोरचा ते पाहतो आणि पुढच्या वेळी आपल्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. पर्यायी मार्ग खरोखरच नसेल, तर तेही सरळ सांगावे आणि मग ही मागणी वैयक्तिक पातळीवर न करता वरिष्ठांमार्फतच न्यावी, कारण जिथे नकाराने काम बंद पडते तिथे एकट्या माणसावर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे.

आपल्या वाटणीचे आपण करावे

संपूर्ण नोंदवही कोणापुढे ठेवू नये. आपल्या अभियंत्याकडे ३० पाने आहेत. त्याला हवी आहेत ती शेवटच्या काही वर्षांतील, आणि त्यातही फक्त भाग बदलल्याच्या नोंदी. नेहमीच्या साफसफाईच्या नोंदी रोज त्याच दोन-तीन चिन्हांत लिहिलेल्या दिसतात, त्या भाषा न येताही ओळखून वेगळ्या काढता येतात. तारखाही तो स्वतः लावू शकतो. जपानी कागदपत्रांत वर्ष अनेकदा सम्राटाच्या राजवटीनुसार मोजलेले असते. ३०.६.१२ असे लिहिलेले असेल तर ते हेइसेइ या राजवटीचे ३० वे वर्ष, म्हणजे १२ जून २०१८. हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवले की इसवी सन मिळते. १ मे २०१९ पासून रेइवा सुरू झाले, त्याच्या आकड्यात २०१८ मिळवायचे. म्हणजे ३.६.१२ ही नोंद १२ जून २०२१ ची. एवढे समजले की नोंदी कालक्रमाने लावता येतात आणि नेमके काय विचारायचे आहे ते उरते. उदाहरणात अशा ९ नोंदी उरल्या आहेत.

त्याने आणखी एक गोष्ट करावी. उत्पादकाच्या सुट्या भागांच्या यादीत जपानी आणि इंग्रजी नावे शेजारी-शेजारी छापलेली असतील, तर ती यादी सोबत जोडावी. मग मॅडमना "जिकुउके" ठाऊक असण्याची गरज राहत नाही. हाताने लिहिलेली चिन्हे यादीतल्या छापील चिन्हांशी जुळतात का, एवढेच पाहायचे उरते. कामाचे स्वरूप असे बदलले, की होकार देणे किती सोपे होते, ते त्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्यास लक्षात येईल.

वेळेचा अंदाज सांगू नये, मर्यादा सांगावी

जे काम आपल्याला येत नाही, त्याला किती वेळ लागेल हे आपल्याला ठाऊक नसते. तरीही नवखा माणूस "पाच मिनिटांचं काम आहे" असे म्हणून मोकळा होतो. पाच मिनिटांचे काम नाकारणे म्हणजे माणूस फार अडून बसला असे दिसते, म्हणून समोरचा हो म्हणतो, आणि पाऊण तासानंतरही तो त्यातच असतो. त्याऐवजी वरची मर्यादा सांगावी : जास्तीत जास्त १ तास, त्यात ९ पैकी ४ नोंदी झाल्या तरी पुरे, उरलेल्या मी बाहेरून करून घेईन. अशा मागणीला होकार देणाऱ्याला आपण कशाला होकार देत आहोत हे नक्की कळते, आणि अर्धवट राहिलेल्या कामाची रुखरुख त्याच्या वाट्याला येत नाही. यासाठी काम तुकड्यांत देता येण्याजोगे असावे लागते. नोंदी महत्त्वाच्या क्रमाने लावून दिल्या, स्पिंडलच्या आधी आणि फिल्टरच्या शेवटी, तर तास संपला तेथे थांबूनही हाती उपयोगाचे काही राहते.

समोरच्याचे वेळापत्रक

लेखा विभागातील माणसाचा महिना देखभाल विभागासारखा नसतो. टीडीएस भरण्याची तारीख सर्वसाधारणपणे ७, जीएसटीची विवरणपत्रे दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०. महिनाअखेरीस हिशेब बंद करण्याची धावपळ असते, आणि मार्चचे तर विचारूच नये. म्हणजे शांत दिवस साधारण २१ ते २७ या दरम्यान सापडतात. भोसरी-चाकणकडच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ती यातून वजा करावी. मॅडम पुढच्या पातळीची परीक्षा देणार असतील, तर जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आसपासचे दिवसही सोडावेत. ही माहिती काढणे अवघड नाही. त्या विभागातल्या कोणालाही "तुमच्याकडे कोणते दिवस कमी गडबडीचे असतात" एवढे विचारले तरी कळते. चुकीच्या दिवशी मागितलेली मदत नाकारली गेली, तर त्या नकाराचा मागणीशी संबंध नसतो, पण दोघांनाही ते नंतर उलगडत नाही.

प्रत्यक्ष बोलावे की लिहावे

आपल्याकडे समोर जाऊन बोलणे आपुलकीचे समजले जाते, आणि बऱ्याच गोष्टींत ते खरे आहे. चौकटीबाहेरच्या कामाची पहिली विचारणा मात्र लिहूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याला आधार आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की मदत मागणारे लोक होकाराचा अंदाज फार कमी बांधतात. ठरावीक होकार मिळवायला जितक्या अनोळखी लोकांना विचारावे लागेल असे त्यांना वाटत होते, त्याच्या साधारण निम्म्या लोकांनाच प्रत्यक्षात विचारावे लागले. बोन्स यांनीच महदी रोघानिझाद यांच्यासह २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, अनोळखी लोकांना समोरासमोर केलेली विनंती मेलने केलेल्या विनंतीपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली. हे प्रयोग सहकाऱ्यांवर झालेले नाहीत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा कार्यालयात लावता येणार नाही. त्यातली दिशा मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणे लोकांना अवघड जाते, आणि मागणाऱ्याला ती अडचण दिसत नाही.

काही जण यातून असा निष्कर्ष काढतील, की मग समोर जाऊनच विचारावे. काम एकदाच साधायचे असेल आणि त्या माणसाशी पुन्हा संबंध येणार नसेल तर तो हिशेब जुळेलही. सहकाऱ्यासोबत आपल्याला वर्षानुवर्षे काम करायचे असते. संकोचामुळे मिळालेला होकार पुढे टाळाटाळीत, उशिरात आणि मनातल्या नाराजीत वसूल होतो. लिहिलेल्या विनंतीवर माणसाला विचार करायला वेळ मिळतो, स्वतःचे वेळापत्रक पाहता येते आणि चेहऱ्यावर काही न दाखवता नाही म्हणता येते. हा निरोप एकट्यालाच पाठवावा. विभागाच्या गटावर सगळ्यांदेखत विचारू नये, साहेबांना प्रत टाकू नये आणि डबा खाताना चौघांत विषय काढू नये.

साहेबांच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण नवख्यांचा इथेच घोळ होतो. आधी मॅडमच्या साहेबांना विचारणे शिस्तीचे वाटते. पण साहेबांनी "हो, हो, त्या करतील" असे म्हटले, की मॅडमच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून आधी मॅडमना विचारावे, त्या तयार असतील तर मगच त्यांच्या साहेबांना कळवावे, आणि कसे कळवायचे तेही त्यांनाच ठरवू द्यावे. स्वतःच्या साहेबांशी बोलतानासुद्धा, होकार मिळेपर्यंत त्यांचे नाव घेऊ नये. नोकरी सांभाळून परकी भाषा शिकणारी व्यक्ती ते केवळ आवडीने करत असेल किंवा पुढे वेगळ्या नोकरीचा विचार करत असेल, ते आपल्याला ठाऊक नसते. ही गोष्ट चारचौघांत पोहोचवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

निरोपाचा मजकूर

पहिला मसुदा बहुधा असा उतरतो :

"हाय मॅडम, कळलं की तुम्हाला जपानी येतं! एक छोटंसं काम होतं, पाच-दहा मिनिटांचं. वेळ मिळाला की बघाल का प्लीज? इथं तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही, आणि साहेब मागे लागलेत."

यात वाईट हेतू कुठेच नाही, तरीही प्रत्येक वाक्य नकाराची एकेक वाट बंद करते. कोणाकडून कळले ते सांगितलेले नाही. काम कोणते ते गुलदस्त्यात आहे, त्यामुळे हो म्हटल्यावरच ते कळणार. वेळ कमी सांगितला आहे. "वेळ मिळाला की" असे म्हटल्याने मुदत नाही, आणि शेवटी साहेबांचे नाव आल्याने घाईही आहे. "तुमच्याशिवाय कोणी नाही" ही स्तुती वाटते, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच समजते, की आपण नाही म्हटले तर हा मुलगा अडचणीत येणार.

वर केलेली सगळी तयारी हाताशी असेल तर निरोप असा लिहिता येतो :

"नमस्कार मॅडम, मी देखभाल विभागात नव्याने रुजू झालो आहे. नव्या आलेल्या ग्राइंडिंग मशीनसोबत हाताने लिहिलेली जपानी नोंदवही आहे. तुम्ही एन ३ केल्याचे कँटीनमध्ये तुम्हीच सांगितले होते, म्हणून विचारत आहे. त्यातील ९ नोंदींत कोणता भाग बदलला एवढेच मला समजून घ्यायचे आहे. तारखा मी लावल्या आहेत आणि भागांच्या नावांची जपानी-इंग्रजी यादी जोडली आहे. जास्तीत जास्त १ तास द्यावा, त्यात जेवढे होईल तेवढे पुरे. २१ ते २७ तारखेदरम्यान तुमच्या सोयीचा कोणताही दिवस चालेल. मशीनवर तपासून खात्री मी करणार आहे, त्यामुळे अचूकतेची जबाबदारी तुमच्यावर नाही.

हे तुमचे काम नाही याची मला जाणीव आहे. बाहेरच्या भाषांतरकाराकडून दर घेतला आहे आणि त्या खर्चाला मान्यता मिळाली आहे, त्यामुळे तुम्ही नाही म्हणालात तरी काम वेळेत होईल. बुधवारी संध्याकाळपर्यंत नुसते हो किंवा नाही कळवले तरी चालेल, कारण सांगण्याची गरज नाही. उत्तर आले नाही तर मी ते बाहेर पाठवेन. तुमचे नाव मी अजून कोणाकडे काढलेले नाही."

निरोप मोठा झाला, हे खरे. परंतु वाचायला मिनिटभर लागते, आणि वाचून झाल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. त्यातले "उत्तर आले नाही तर मी ते बाहेर पाठवेन" हे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. त्यामुळे गप्प राहणे हाही एक सन्मानाचा नकार ठरतो, आणि आठवण करून देण्याचा प्रश्नच मिटतो. बुधवार उलटला की खरोखर बाहेर पाठवावे. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी "मॅडम, मेसेज बघितला का?" असे विचारले, तर आपणच दिलेला शब्द आपण मोडला असे होते.

मॅडमशी चांगली ओळख असेल तर भाषा सैल करावी, वाक्ये निम्मी करावीत. तरीही काम कोणते, वेळेची मर्यादा किती, मुदत कोणती आणि नकार आल्यास पुढे काय, या चार गोष्टी गाळू नयेत.

उत्तर कसे वाचावे

"हो, मंगळवारी दुपारी या" हा होकार आहे. "बघते, सांगते" हा आपल्याकडे बहुतेक वेळा सौम्य नकार असतो, आणि तो तसाच समजून चालावे. उलट प्रश्न करू नये. एवढेच लिहावे : "हरकत नाही मॅडम, मी बाहेर पाठवतो. मध्येच तुम्हाला सवड झाली तर कळवा." यात खरोखर पाहू इच्छिणाऱ्यासाठी दार उघडे राहते आणि टाळू पाहणाऱ्याची सुटका होते.

कधी अर्धा होकार येतो : "वाचून देणार नाही, पण कोणत्या शब्दकोशात चिन्हे शोधायची ते दाखवते." तो मनापासून घ्यावा. त्यात आणखी ओढून-ताणून पूर्ण होकार मिळवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या माणसाने स्वतःची मर्यादा आखून दिलेली असते आणि अशी मदत बहुधा पूर्ण होते.

सरळ नकार आला, तर एका ओळीत आभार मानून विषय संपवावा. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भेट झाली तर नेहमीसारखे बोलावे आणि नोंदवहीचा विषय काढू नये. "बाहेर तीन हजार गेले" असे सहज म्हणून सांगितलेले वाक्यसुद्धा समोरच्याला बिल दाखवल्यासारखे लागते.

होकार मनापासून नव्हता, हे काही खुणांवरून नंतर कळू शकते. ठरलेला दिवस दोनदा पुढे ढकलला जातो, "तुमच्या साहेबांना माहीत आहे ना?" असा प्रश्न पुन्हा येतो, किंवा मॅडम जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या नोंदी पाहत असतात. अशी खूण दिसली तर मागणी आपणच मागे घ्यावी, आणि घेताना काम प्रत्यक्ष बाहेर देऊन मगच कळवावे : "उरलेल्या नोंदी मी भाषांतरकाराकडे दिल्या आहेत, तुम्ही सांगितलेल्या चार फार उपयोगी पडल्या." नुसते "राहू दे मॅडम" म्हटले, तर त्या संकोचाने "नाही नाही, करते" म्हणतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

होकार मिळाल्यावर

सांगितलेला तास पाळण्याची जबाबदारी आपली. शेजारी बसून काम होत असेल तर घड्याळ आपण पाहावे आणि तास झाला की स्वतःहून थांबवावे, मग सहाव्या नोंदीचे दोनच शब्द उरले असले तरी. मॅडमना रस वाटून त्याच म्हणाल्या की पूर्ण करू, तर ती गोष्ट वेगळी. नोंदवहीच्या पानांचे फोटो त्यांच्या खासगी मोबाइलवर पाठवू नयेत, कंपनीच्या मेलवर पाठवावेत. घरी नेऊन करण्याची तयारी त्यांनी दाखवली तर मी नको म्हणेन, कारण तिथे तासाची मर्यादा कोणी पाळत नाही.

श्रेय देण्यापूर्वीही विचारावे. चेकशीटच्या बैठकीत सर्वांसमोर नाव घेतले की कौतुक होते, आणि पुढच्या आठवड्यात खरेदी विभागाचा जपानी पुरवठादाराचा मेल घेऊन कोणी तरी मॅडमच्या टेबलापाशी उभे राहते. काहींना ते हवे असते, काहींना मुळीच नको असते. "तुमचे नाव साहेबांना सांगू, की आपल्यातच ठेवू?" एवढा प्रश्न पुरतो. नाव सांगायचे ठरले तर त्यांच्या साहेबांना दोन ओळींचा मेल लिहावा : किती वेळ दिला, काय साधले, आणि हे काम त्यांच्या नेहमीच्या कामाबाहेरचे होते. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात अशा लेखी ओळीचा उपयोग होतो, तोंडी कौतुकाचा तेवढा होत नाही.

जिथे ही पद्धत लागू पडत नाही

अभियंता नवा असला तरी कारखान्यात सगळ्यांच्या खाली नसतो. शिकाऊ उमेदवार, कंत्राटी कामगार, ऑफिस असिस्टंट यांना त्याने असाच निरोप पाठवला, तर त्यातली सगळी वाक्ये खरी असूनही नकार सोपा होत नाही. ज्याची नेमणूक पुढच्या महिन्यात वाढेल की नाही हे ठरलेले नाही, तो साहेब लोकांपैकी कोणालाच नाही म्हणणार नाही. त्यांच्याकडून चौकटीबाहेरचे काम हवे असेल तर ते त्यांच्या सुपरवायझरमार्फत, कामाच्या वेळेत आणि बदल्यात दुसरे काम कमी करूनच मागावे.

दुसरी मर्यादा पुनरावृत्तीची. पुढच्या महिन्यात त्याच मशीनच्या दारावरचा तक्ता वाचायचा असेल, तर आधीच्या होकाराच्या भरवशावर जाऊ नये. पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच पूर्ण निरोपाने विचारावे. तिसऱ्यांदा गरज पडली, तर ती आता मदत राहिलेली नाही. तेव्हा आपल्या साहेबांना लिहावे, की जपानी कागद वाचण्याचे काम वारंवार येत आहे आणि त्यासाठी एक तर बाहेरच्या भाषांतरकाराशी वर्षभराचे ठरवावे, नाही तर कंपनीत ज्यांना हे काम करण्याची इच्छा असेल त्यांचे तास मोजून ते अधिकृतपणे द्यावे. मॅडमना ही जबाबदारी घ्यायची आहे का, हे त्या पत्रात त्यांचे नाव लिहिण्यापूर्वी त्यांना विचारावे.